बारवेची दोन पत्रं

माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा माज होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या अक्षराचा हात आहे.

निजामाचं राज्य जायला अजून दहा-एक वर्षं होती. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या पडवीत मी अर्जनवीस म्हणून बसायचो. लोकांच्या तक्रारी, विनवण्या, जमिनीच्या फेरफाराचे अर्ज मी उर्दूत लिहून द्यायचो. समोरचा शेतकरी मराठीत कावलेला असायचा आणि माझ्या कागदावर तोच उर्दूत अदबीनं कमरेत वाकलेला असायचा. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. पडवीत बसायची परवानगी तहसीलदारांच्या सहीनं मिळे, आणि दरसाल तिच्यावर नवी सही घ्यावी लागे. सही नाही तर चटई गुंडाळा आणि घरी जा.

आमच्या धंद्यात एक कायदा कडक होता. अर्जाच्या तळाशी अर्जदाराचा अंगठा, आणि त्याच्याखाली 'बकलम' असं लिहून लिहिणाऱ्यानं स्वतःचं नाव घालायचं. उद्या अर्जात काही खोटं निघालं तर ते कोणाच्या लेखणीतून उतरलं हे कचेरीला कळावं म्हणून. दिवसाला पंधरा-वीस वेळा मी ते लिहायचो. डोक्याला विचारायची गरज पडत नव्हती, हात आपला लिहून मोकळा व्हायचा.

गावात विहिरी सात-आठ होत्या, पण पाणी सगळ्यांचं मचूळ. डाळ शिजायची नाही त्या पाण्यात. गोडं पाणी फक्त वेशीबाहेरच्या बारवेला. एका बाजूनं दगडी पायऱ्या खाली उतरत गेलेल्या आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना उभ्या चिरेबंदी भिंती. पावसाळ्यातही पाणी फारसं वर चढायचं नाही, बायकांना शेवटच्या पायरीपर्यंत जावं लागायचं, आणि ती पायरी नेमकी पश्चिमेच्या भिंतीखाली होती. त्या भिंतीत पिंपळ उगवला होता. आधी दोन पानं होती तेव्हा कोणी उपटला नाही, आणि मग उपटण्यासारखा राहिला नाही. त्याच्या मुळांनी दगड ढकलल्यानं भिंतीनं पोट काढलं होतं, आणि वरपासून खालपर्यंत एक चीर गेली होती. मी प्रथम पाहिली तेव्हा तिच्यात बोट जात होतं. वर्षभरानं मूठ जायला लागली.

बारवा, रस्ते, धर्मशाळा ही सगळी कामं लोकलफंडाची, आणि तालुक्यात लोकलफंडाचे मुख्य म्हणजे तहसीलदारच. गावानं तीन वेळा अर्ज दिले. तिन्ही मीच लिहिले होते आणि तिन्ही फार सुरेख होते. तिन्हींवर 'मुनासिब कार्रवाई की जाए', म्हणजे योग्य ती कारवाई व्हावी, असा शेरा पडला, आणि तिन्ही कचेरीतल्या लाल फडक्याच्या बस्त्यात जाऊन बसले. ते तिथं बसले आहेत हे मला पडवीतून दिसायचं.

माझी बायको तेव्हा पहिलटकरीण होती, पाचवा महिना लागला होता. दोन वेळा ती त्या बारवेत उतरायची. सोबतीला शेजारची आक्का असायची. आक्का लिंगायत वाण्याची, नवरा बाजारात मापाडी, मूलबाळ नाही. माझी बायको नव्यानं नांदायला आली तेव्हा तिला या गावात कुठली पिठाची गिरणी, कुठली बोलायच्या लायकीची बाई, कुठली टाळायची, हे सगळं आक्कानं शिकवलं. मला ती भाऊ म्हणायची आणि तोंडावर थट्टा करायची. भाऊंचं अक्षर मोत्यासारखं आणि मोती सगळे सरकारच्या बस्त्यात, असं एकदा म्हणाली. मला राग आला होता. खरं बोललं की मला राग यायचा, अजूनही येतो.

आक्काच्याच सांगण्यावरून मी म्हाताऱ्या पाथरवटाला बारवेवर नेलं. त्यानं चिरेवर आडवा चुन्याचा एक पट्टा ओढला, हातभर लांब. भिंत जागेवर असेल तर पट्टा शाबूत राहील, हलत असेल तर मधोमध तडकेल, एवढं सांगून तो विडी ओढत बसला. तिसऱ्या आठवड्यात पट्टा तडकला. मी पायरीवर उभा राहून ती केसाएवढी रेघ बघत होतो. खाली बायका घागरी बुचकळत हसत होत्या.

त्या संध्याकाळी आक्का आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या नवऱ्यानं मानवतच्या बाजारात ऐकलं होतं की हैदराबादेतून निघणारं मराठी साप्ताहिक तिथले साहेब लोक तर्जुमा करवून वाचतात.

"सरकार अर्ज वाचत न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "पेपर वाचतंय. पेपरात लिवा."

पेपरात लिहिणं त्या काळी साधं नव्हतं. कोणी काय लिहिलं याची चौकशी व्हायची, आणि माझी तर चटईच सरकारच्या पडवीत. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी बायको पाणी घेऊन आली तेव्हा तिच्या पदरावर चुन्याचा भुगा होता. वरून पडला, एवढंच ती म्हणाली. मी लिहायला बसलो.

त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ पुष्कळ वर्षं होती. त्यातला मजकूर असा होता:

'रा. रा. संपादक महाशय यांस सप्रेम नमस्कार. आपल्या लोकप्रिय पत्रातून पुढील चार ओळींस जागा द्यावी, ही विनंती. आमच्या गावी गोड्या पाण्याची एकच बारव असून तिची पश्चिमेकडील भिंत पिंपळाच्या मुळांनी फुटली आहे. जाणत्या कारागिराने चिरेवर चुन्याचा पट्टा मारून पाहिला, तो एकवीस दिवसांत तडकला. यावरून भिंत अद्याप सरकत आहे हे उघड आहे. या भिंतीखालून गावच्या मातृभगिनी दररोज दोन वेळा पाणी नेतात. सरकार मायबाप असून लोकलफंडाचे अधिकारी कर्तव्यदक्ष आहेत. त्यांच्या कानी ही गोष्ट पोचली नसावी, इतकाच याचा अर्थ. वरचे दगड उतरवून, मूळ समूळ काढून, भिंत नव्याने बांधावी, आणि तोवर बारवेच्या पूर्वेस रहाट बसवावा, म्हणजे कोणास खाली उतरावे लागणार नाही. संकटानंतर चौकशी होतेच. ती आधी व्हावी एवढीच प्रार्थना. आपला, एक रहिवासी.'

'कानी पोचली नसावी' या शब्दांवर मी बेहद्द खूश होतो. तीन अर्ज पोचले होते, आणि तरीही कोणाला माझ्यावर बोट ठेवता येणार नव्हतं. संपादकांसाठी वेगळ्या चिठ्ठीवर माझं खरं नाव लिहिलं, आणि ते छापू नये अशी विनंती केली. सकाळी कचेरीत जायच्या आधी पत्राची साफ नक्कल केली, टपालात टाकली आणि चटईवर जाऊन बसलो.

दोन आठवड्यांनी कापडवाल्याच्या दुकानात पेपर आला. गावात तो एकाच माणसाकडे यायचा आणि दुकानाच्या ओट्यावर सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचला जायचा. मी मुद्दाम मागं, खांबाला टेकून उभा राहिलो. आपलंच लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जो गुदगुल्यांचा आनंद होतो तो मी पुरेपूर घेतला. कापडवाला शेवटाला आला. 'आपला, एक रहिवासी,' त्यानं वाचलं. मग थोडा थांबून, चष्मा वर करून त्यानं पुढची ओळ वाचली. 'बकलम', आणि माझं पूर्ण नाव.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. संपादकांनी चिठ्ठीवरचं नाव गुप्त ठेवलं होतं, अगदी सचोटीनं. पत्राच्या खाली मीच माझ्या हातानं जे लिहिलं होतं ते खिळे जुळवणाऱ्यानं जसंच्या तसं जुळवलं होतं. दोन आठवडे मला त्याचा पत्ता नव्हता. घरी आल्यावर बायकोला सांगितलं तर तिला आधी हसू फुटलं, आणि माझं तोंड बघून थांबलं.

आक्का मात्र खूश. आता बायका खाली उतरायच्या नाहीत असं तिनंच ठरवलं, आणि अर्ध्या गावाला तिनं माळ्याच्या मळ्यातल्या विहिरीवर नेलं. मळा मैलभर लांब. माळी रोज दोन घागरींवर कुरकुर करायचा, पण आक्कापुढं त्याचं काही चालायचं नाही.

महिन्याभरात जिल्ह्याचे मुख्य तालुकदार साहेब यांनी पत्राबद्दल कैफियत मागवली, असं तहसीलदारांपुढं कागद ठेवणाऱ्या पेशकारानं मला हळूच सांगितलं. त्यानंतर आठ दिवसांत काम झालं. इतक्या झटक्यात काम झालेलं मी त्या कचेरीत पाहिलं नव्हतं. तामीरातचे, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याचे, चार मजूर आले. पिंपळ वरून तोडला, चिरेत खडी आणि चुना ठासला, भिंतीचे सगळे सांधे लिंपले आणि वरून पांढरी सफेदी फिरवली. बारव नवरीसारखी दिसायला लागली. गावानं नारळ फोडला, आणि एक दिवस मीही छाती काढून हिंडलो.

पाथरवट मात्र नारळाचा तुकडा हातात घेऊन भिंतीकडे बघत उभा होता. मी विचारलं तर त्यानं बोटानं दाखवलं. पूर्वी पावसाळ्यात भिंतीमागच्या मातीत मुरलेलं पाणी सांध्यांतून पाझरायचं. आता सांधे बंद. मुळं तोडली नव्हती, ती आत कुजणार आणि पोकळी सोडणार.

"आता पाणी कुटून निघल, मुन्शीजी?" तो म्हणाला. "मागं तुंबंल, आन भिंतीला म्होरं ढकलंल. आदी बरं होतं."

हे मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पुढं लिहिताना हे विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी बोलावलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पानाचा डबा पुढं केला. टेबलावर तो पेपर होता आणि माझ्या नावाभोवती लाल पेन्सिलीचं कडं. काचेच्या वजनाखाली माझा परवानगीचा कागद होता, नव्या वर्षाच्या सहीची जागा कोरी. पत्राच्या भाषेची त्यांनी खूप तारीफ केली, आणि ती खोटी नव्हती. ते स्वतः चांगलं लिहिणारे होते. मग म्हणाले की भिंत तर आता दुरुस्त झाली, पण पेपरात अजून फुटलेलीच आहे, आणि वर लोक पेपर बघतात, भिंत नाही.

"जो आपने देखा था, वह लिखा," ते म्हणाले. "अब जो देख रहे हैं, वह भी लिखिए."

पाथरवटाचं म्हणणं मी पुढं केलं, अगदी हलक्या आवाजात. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पाथरवट तामीरातच्या नोकरीत आहे का? मी नाही म्हणालो. मग ते काचेचं वजन उगाच थोडं डावीकडं सरकवून दुसऱ्या कामाला लागले.

मी घरी येऊन दुसरं पत्र लिहिलं. तहसीलदारांना हवं होतं ते एवढंच: दुरुस्ती झाली, सरकारचे आभार. चार ओळींत भागलं असतं. पण लेखणी हातात आली की मला चार ओळींत भागत नसे. आभाराचं पत्र कोरडं वाटायला लागलं, शेवटाला वजन हवं होतं. मग मी एक वाक्य घातलं: 'तरी गावच्या मातृभगिनींनी मनात कोणताही किंतु न बाळगता बारवेत निःशंक उतरावे, अशी खात्री प्रस्तुत लेखक स्वतः पाहून देत आहे.' हे वाक्य माझ्याकडून कोणी मागितलं नव्हतं. त्याला लय चांगली होती. खाली 'बकलम' लिहिलं, या वेळी जाणूनबुजून. तिसऱ्या दिवशी परवानगीवर सही झाली.

पत्र टपालात गेल्यावर त्याच रात्री जेवताना मी बायकोला सांगितलं की काही झालं तरी बारवेत उतरायचं नाही, मळ्यातूनच पाणी आणायचं, आणि तिला झेपलं नाही तर मी आणीन. ती भाकरी थापता थापता थांबली.

"आन आक्काला?" तिनं विचारलं. "तिला सांगू का मी?"

मी नको म्हणालो. आक्काला सांगितलं तर गावाला सांगितल्यासारखं, गावाला कळलं तर कचेरीला कळणार, आणि मग मी एका तोंडानं लिहितो आणि दुसऱ्या तोंडानं बोलतो हे उघड होणार. तव्यावरची भाकरी करपली तरी बायकोनं उलटली नाही, मीच उलटली.

पत्र छापून आलं. आक्का तोवर मळ्यावरच जायची. सफेदी बघून दुसऱ्या बायका बारवेकडं वळल्या होत्या, पण हिनं पाथरवटाचं बोलणं कुठून तरी ऐकलं होतं. कापडवाल्याकडून तिनं पेपर मागून आणला आणि आमच्या ओट्यावर बसून मलाच तो वाचून दाखवायला लावला. मी वाचला. 'निःशंक' म्हणजे काय ते तिनं विचारलं. भीती न धरता, असं मी सांगितलं.

"मग झालं," ती पदर झटकत उठली. "भाऊंनी सोता बघून लिवलंय. त्या माळ्याची रोजची कुरकुर तरी वाचली."

त्या वेळी बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पेपराची घडी घालत होतो, एकदा घातलेली पुन्हा उलगडून घालत होतो. बोलायला एवढा वेळ पुरला असता.

पोळा झाला. भादव्यात तीन दिवस झड लागली. मळ्याची वाट चिखलानं बंद झाली म्हणून मी स्वतः बाहेरची पन्हाळ लावून पाणी धरलं आणि बायकोला घराबाहेर पडू दिलं नाही. रोज सकाळी आक्का भिंतीवरून हाक मारायची, येतीस का म्हणून. बायको आतून सांगायची, अंग जड झालंय. दोन दिवस मी बारवेवर जाऊन आलो. सफेद भिंतीवर ओल आली नव्हती, एक थेंब पाझरत नव्हता. बघणाऱ्याला ते चांगलं वाटलं असतं. मला कळत होतं, तरी मी कोणाला काही न बोलता परत आलो आणि चटईवर बसून दोघा शेतकऱ्यांचे अर्ज लिहिले.

चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. बायका बऱ्याच दिवसांनी निवांत पाण्याला निघाल्या. मी कचेरीच्या वाटेवर होतो. आवाज फार मोठा नव्हता, गाडीतून दगड ओतल्यासारखा झाला आणि मग एकदम काही नाही. वेशीकडून एक बाई रिकाम्या हातानं पळत आली. ती वरच्या पायऱ्यांवर होती म्हणून वाचली. शेवटच्या पायरीवर आक्का एकटीच होती.

दगड उपसायला दुपार झाली. मी उपसणाऱ्यांत होतो. पाथरवट माझ्या शेजारी होता. शेवटी तिला वर आणली तेव्हा बायकांनी तिच्यावर धाबळी टाकली. त्यांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून पुरली, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून. कचेरीच्या पंचनाम्यात अतिवृष्टीमुळं भिंत कोसळली, आसमानी आपत्ती, असं लिहिलं गेलं. तो पंचनामा लिहायला मला बोलावलं नाही, याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

घरात बायकोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त भिंतीपलीकडून हाक येण्याच्या वेळेला ती रोज सकाळी हातातलं काम थांबवून बसायची. ती शिव्या देईल तर बरं, असं मला वाटायचं.

दिवसकार्य उरकल्यावर मापाडी आमच्या ओट्यावर आला. आक्का बसायची तिथंच बसला. दिवसभर धान्य मापून मोठ्यानं आकडे ओरडणारा माणूस त्या दिवशी हळू बोलत होता. त्याला पेपरात पत्र लिहून हवं होतं. पूर्वेला रहाट बसवावा, म्हणजे कोणाच्या बाईला खाली उतरावं लागू नये, एवढंच त्याचं मागणं.

"पयल्यासारखं लिवा, मुन्शीजी," तो म्हणाला. "ते पयलं लय खरं होतं."

मी लिहिलं. या खेपेला लिहिताना एकही शब्द सुचेना, आणि जे आले ते साधे आले. कर्तव्यदक्ष आले नाहीत, मायबाप आले नाहीत. तीन अर्ज कोणत्या साली दिले ते आलं, सांधे लिंपले ते आलं, पाथरवटानं काय सांगितलं आणि कोणाला सांगितलं ते आलं, दुसरं पत्र कोणी आणि का लिहिलं तेही आलं. परवानगी जाणार हे मला दिसत होतं, आणि पुढं ती गेलीच. चटई गुंडाळून मी पूर्णेला एका अडत दुकानात कारकून झालो. पत्र छापून आलं ते अर्धं काटून. रहाट मात्र पुढच्या उन्हाळ्यात बसला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी पत्र वाचून दाखवलं. वाचताना मान वर केली नाही. मापाड्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला कितपत कळलं ते मला कळलं नाही. त्यानं शाईत अंगठा बुडवून उमटवला, आणि मी त्याच्याखाली हाताच्या सवयीनं एक ओळ लिहिली. ती ओळ वाचून दाखवायची राहिली होती. त्याचं तिकडं लक्ष गेलं.

"हे खाली काय लिवलं?"

"माझं नाव," मी म्हणालो.

त्यानं शाईचा अंगठा धोतराला पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"त्या दुसऱ्या पत्राखालीबी हेच होतं का?"

दारात बायको उभी होती. मी हो म्हणालो.